गेटवर केबिन बॅग मागितली, तर आधी काय काढाल?

गेल्या पावसाळ्यात मी मावशीसोबत हैदराबादहून एका लग्नाला निघाले होते. मावशीचं वय ६८, मधुमेह जुना, पण प्रवासाची हौस दांडगी. तिच्याकडे एक छोटी ट्रॉली बॅग आणि खांद्याला पर्स होती. बॅगेचं वजन घरीच काट्यावर करून घेतलं होतं, बरोबर ७ किलोच्या आत. "काउंटरवर सामान द्यायचंच नाही, म्हणजे उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळायला नको," हे तिचं ठरलेलं.

विमान मात्र पंख्यांचं, छोटं निघालं. बसने आम्हाला विमानापर्यंत नेलं आणि शिडीच्या खाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने एकेकाची ट्रॉली बॅग बाजूला घ्यायला सुरुवात केली. "मॅडम, ही बॅग वर मावणार नाही, खाली ठेवावी लागेल." त्याने हँडलला टॅग बांधला, चिठ्ठी मावशीच्या हातात दिली. पाऊस भुरभुरत होता, मागे रांग होती. सगळं मिळून दहा सेकंदांत झालं. मावशी उलट खूश झाली, "बरं झालं, शिडी चढताना ओझं नको."

सीटवर बसल्यावर तिने मुलीला मेसेज करायला फोन काढला. बॅटरी संपत आली होती. पर्समध्ये हात घातला आणि ती थबकली.

"अगं, पॉवर बँक बॅगेतच राहिली की." मग थोड्या हळू आवाजात, "आणि इन्सुलिनही."

मी डोक्यावरचं बटण दाबून एअर होस्टेसला बोलावलं. मावशी माझा हात धरून म्हणत होती, "राहू दे गं, सगळे आपल्याकडे बघतील. तासाभराचा तर प्रवास." पण एअर होस्टेसने ऐकलं आणि ती तडक पुढे गेली. काही मिनिटांनी बॅग शिडीच्या पायथ्याशी परत आली. मी खाली उतरून ती उघडली. पॉवर बँक साड्यांच्या घडीखाली होती, इन्सुलिनचा डबा त्याच्याही खाली. विमान थोडं उशिरा निघालं. दोन-चार जणांनी कपाळाला आठ्या घातल्या. एअर होस्टेस मात्र मावशीला म्हणाली, "आजी, तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं केलंत. न सांगणारेच जास्त असतात."

ती असं का म्हणाली, हे समजलं की गेटवर बॅग मागितल्यावर काय करायचं, हेही आपोआप समजतं.

बॅग खाली का मागतात?

डोक्यावरच्या कप्प्यांत जागा मोजकीच असते. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी वर्गातल्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोची एक केबिन बॅग आणि सोबत पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग नेता येते. १८० सीटचं विमान पूर्ण भरलेलं असेल आणि प्रत्येकाने नियमात बसणारी ट्रॉली आणली, तरी अनेक विमानांत त्या सगळ्या वर मावत नाहीत. लहान शहरांकडे जाणाऱ्या एटीआरसारख्या पंख्यांच्या विमानात तर कप्पे इतके उथळ असतात, की कडक कवचाची ट्रॉली त्यात शिरतच नाही.

त्यामुळे शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा गेटवर, एरोब्रिजच्या तोंडाशी किंवा थेट शिडीजवळ घेतल्या जातात आणि विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात जातात. जागेच्या अडचणीमुळे बॅग घेतली तर सहसा त्याचे पैसे घेत नाहीत. बॅग मापापेक्षा मोठी किंवा जड असेल, तर मात्र पैसे मागितले जाऊ शकतात. यात चिडण्यासारखं काही नाही. अडचण इतकीच आहे, की ज्या बॅगेत आपण 'हाताशी हवं' म्हणून सामान भरलं होतं, ती अचानक हातातून जाते.

जी चूक यंत्रालाही दिसत नाही

काउंटरवर दिलेली मोठी बॅग विमानात जाण्याआधी एक्स-रे तपासणीतून जाते. तिच्यात पॉवर बँक दिसली तर बॅग बाजूला काढतात, प्रवाशाला बोलावून ती बाहेर काढायला लावतात. कारण नियम स्पष्ट आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात न्यायला मनाई आहे, त्या फक्त प्रवाशाजवळ केबिनमध्ये नेता येतात.

आता केबिन बॅगेचं बघा. तिचीही एक्स-रे तपासणी झालेली असते, पण ती 'केबिनमध्ये जाणारी बॅग' म्हणून. तिथे पॉवर बँक दिसली तरी कोणी अडवत नाही, कारण केबिनमध्ये तिला परवानगी आहे. त्यानंतर तीच बॅग गेटवर टॅग लावून खाली पाठवली, तर वाटेत बहुतेक वेळा दुसरी तपासणी होत नाही. म्हणजे पॉवर बँक सामानकक्षात जाण्यापासून रोखणारे दोनच जण उरतात. एक, "बॅगेत पॉवर बँक, बॅटरी आहे का?" असं विचारणारा गेटवरचा कर्मचारी आणि दुसरे तुम्ही. त्या गर्दीत प्रश्न विचारायचा राहिला, किंवा आपण घाईत "नाही" म्हणून गेलो, की संपलं. मावशीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

खाली आग लागली तर वर काय?

मावशीचा प्रश्न साधा होता, "वर चालते ती पॉवर बँक खाली का चालत नाही? विमान तर एकच ना?"

लिथियम बॅटरीत आतला एखादा पापुद्रा खराब झाला, बॅटरी आपटली, चेपली किंवा तिच्या टोकांना धातू लागून शॉर्टसर्किट झालं, तर ती आतून तापू लागते. एका मर्यादेपलीकडे ही उष्णता बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रियेतूनच वाढत राहते. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग तोही पेटतो. मोठ्या प्रवासी विमानांच्या सामानकक्षात आग लागल्यास हॅलॉन नावाचा वायू सोडण्याची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतली उष्णता थांबवत नाही. ती थांबवायला बॅटरी थंड करावी लागते, म्हणजे भरपूर पाणी ओतावं लागतं. उडत्या विमानात सामानकक्षातल्या एका बंद बॅगेपर्यंत पोहोचून पाणी ओतणं जमणारं काम नाही.

केबिनमध्ये तेच घडलं तर धूर लगेच दिसतो, वास येतो, कोणीतरी ओरडतं. कर्मचाऱ्यांना याचं प्रशिक्षण असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेलं विमान धावपट्टीकडे जात असताना एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी ती आग लगेच विझवली आणि कोणाला इजा झाली नाही. ही पॉवर बँक खाली साड्यांच्या घडीत असती तर काय झालं असतं, याचा विचारच नको.

मात्र 'केबिनमध्ये' याचा अर्थ 'डोक्यावरच्या कप्प्यात' असा नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात वरच्या कप्प्यात आग लागली आणि विमान जळालं. सुदैवाने सगळे प्रवासी बाहेर पडू शकले. पॉवर बँकेमुळे ती आग लागली असावी, असं तपासात पुढे आलं. बंद कप्प्यात धूर उशिरा दिसतो, हा त्यातला धडा. म्हणूनच आपल्याकडेही डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, पॉवर बँक वरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवायला आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज न करायला सांगितलं आहे.

तेव्हा बॅगेतून काढलेली पॉवर बँक पर्समध्ये किंवा पुढच्या सीटखाली ठेवलेल्या छोट्या बॅगेत ठेवा. ती फुगलेली दिसली, हाताला गरम लागली किंवा वास आला, तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगा.

पहिलं काम : बॅटऱ्या बाहेर

गेटवर तुमच्याकडे अर्धा मिनिट असेल आणि एकच गोष्ट काढता येणार असेल, तर ती पॉवर बँक असली पाहिजे. कारण बाकीच्या वस्तू राहिल्या तर नुकसान तुमचं, ही राहिली तर धोका विमानातल्या सगळ्यांना.

तिच्यासोबत कॅमेऱ्याच्या किंवा ड्रोनच्या जादा बॅटऱ्याही काढा. सुट्या बॅटऱ्या किल्ल्या, नाणी किंवा साखळ्यांसोबत एकाच कप्प्यात टाकू नका. धातू दोन्ही टोकांना टेकला की शॉर्टसर्किट होऊ शकतं. प्रत्येक बॅटरी वेगळ्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा किंवा टोकांवर चिकटपट्टी लावा.

काही ट्रॉली बॅगांना फोन चार्ज करण्यासाठी बाहेर यूएसबीचं छिद्र असतं. त्या बॅगेच्या अस्तरात पॉवर बँक बसवलेली असते आणि वर्षभरात घरातले सगळे ते विसरून जातात. अशी बॅग खाली द्यायची असेल तर ती बॅटरी काढून स्वतःजवळ ठेवावी लागते. बॅटरी निघतच नसेल, तर अशी बॅग प्रवासाला घेऊच नका.

लॅपटॉप, टॅबलेट, कॅमेरा यांत बॅटरी आतच असते. त्याही शक्यतो जवळ ठेवाव्यात. अगदीच नाइलाज झाला तर उपकरण पूर्ण बंद करा. झाकण मिटून स्क्रीन काळी होणं म्हणजे बंद होणं नव्हे. अशा अवस्थेत लॅपटॉप बॅगेत आतल्या आत सुरू होऊन तापू शकतो. तो कपड्यांच्या मध्ये, दाब बसणार नाही असा ठेवा.

आता तुमची पॉवर बँक मुळात विमानात चालते का, हे घरीच बघून ठेवा. मर्यादा एमएएचमध्ये नाही, तर वॅट-अवरमध्ये मोजतात. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरांत ती लिहिलेली असते. नसेल तर हिशोब सोपा आहे :

Wh = V × mAh ÷ 1000

बहुतेक पॉवर बँकांमधल्या सेलचा व्होल्टेज ३.७ असतो. म्हणजे १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॅट-अवरची आणि २०,००० एमएएचची ७४ वॅट-अवरची. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. ३०,००० एमएएचची मात्र १११ वॅट-अवर होते. १०० ते १६० च्या दरम्यान असलेल्या बॅटरीसाठी विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते आणि १६० च्या पुढची प्रवाशाला नेताच येत नाही. मागचे आकडे पुसले गेले असतील तर सुरक्षा तपासणीतच ती अडकू शकते, कारण तिची क्षमता कोणालाच सांगता येत नाही.

दुसरं काम : औषधं

मावशीचं इन्सुलिन तासाभराच्या प्रवासात लागणार नव्हतं, मग ते खाली राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पहिली गोष्ट तापमानाची. इन्सुलिनला फार उष्णता सोसत नाही आणि ते गोठलं तर वापरण्याजोगं राहत नाही. सामानकक्षातलं तापमान सगळीकडे केबिनसारखं असेलच असं नाही. त्याआधी आणि नंतर बॅग उघड्या गाडीवर उन्हात किंवा पावसात किती वेळ उभी राहील, हेही आपल्या हातात नसतं. वाईट म्हणजे बिघडलेलं इन्सुलिन नेहमी डोळ्यांना कळत नाही. ते घेऊनही साखर उतरली नाही, की मग लक्षात येतं.

दुसरी गोष्ट उशिराची. प्रवास एक तासाचा असतो, पण हवामान बिघडलं तर विमान दुसऱ्याच शहरात उतरतं. प्रवासी तिथे तीन-चार तास विमानात बसून राहतात आणि बॅगा पोटातच असतात. जेवणाची वेळ होते, इन्सुलिन खाली. बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर एक-दोन दिवसांचा प्रश्न. अनोळखी शहरात रात्री अकरा वाजता त्याच नावाचं इन्सुलिन आणि त्याच पेनला बसणारी सुई शोधत फिरणं किती अवघड असतं, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

म्हणून रोजची औषधं, इन्सुलिन, सुया, साखर तपासायचं यंत्र, दम्याचा पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी या सगळ्या गोष्टी एकत्र, एका पिशवीत ठेवा. त्यात साखरेच्या चार पुड्या किंवा गोळ्याही टाका. साखर अचानक उतरली तर त्या सीटवर हाताशी हव्यात. चिठ्ठी असली की सुरक्षा तपासणीत सुयांबद्दल विचारलं तर दाखवता येते. तान्हं बाळ सोबत असेल तर दुधाची बाटली आणि दोन डायपर याच पिशवीत टाका.

तिसरं काम : कागद, किल्ल्या आणि मौल्यवान वस्तू

परदेशातून येताना-जाताना पासपोर्ट बॅगेत राहिला तर काय होतं, याचा विचार करा. उतरल्यावर आधी इमिग्रेशन लागतं आणि सामानाचा पट्टा त्याच्या पलीकडे असतो. बॅग मिळवायला पासपोर्ट हवा आणि पासपोर्ट बॅगेत. असा पेच सुटतो, पण कोणाची तरी मनधरणी करून आणि पुढची विमानं चुकवून. देशांतर्गत प्रवासातही हॉटेलवर आधार कार्ड लागतं आणि विमानतळावर लावलेल्या गाडीची किल्ली लागते. घराची किल्लीही याच यादीत घ्या.

आता दागिन्यांबद्दल. लग्नाला निघालेल्या बाया दागिने पर्सपेक्षा बॅगेत तळाशी ठेवणं सुरक्षित मानतात. बॅग हातात असेपर्यंत ते ठीक आहे. पण गेटवर टॅग लागला की ती काउंटरवर दिलेल्या बॅगेसारखीच होते. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, उशिरा आलं किंवा खराब झालं, तर विमान कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत असते. त्यातही रोख रक्कम, दागिने, कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जबाबदारी आपल्यावर नाही, असं बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे मंगळसूत्राचा डबा खाली गेला आणि परत आला नाही, तर हाती फार काही लागत नाही. कर्मचारी मागे उभा असला तरी दागिन्यांचा डबा आणि रोख काढूनच बॅग द्या.

चष्मा, श्रवणयंत्राचा डबा आणि काचेच्या नाजूक वस्तूही याच फेरीत निघाल्या तर उत्तम. बाकी साड्या, चपला, टॉवेल, लाडवांचा डबा, भेटवस्तू या बिनधास्त खाली जाऊ द्या.

हे सगळं अर्ध्या मिनिटात कसं जमायचं?

शिडीजवळ, पावसात, मागे रांग असताना बॅग जमिनीवर उघडून साड्या उपसत बसणं कोणालाच जमत नाही. म्हणून तयारी घरीच करावी लागते आणि ती फार सोपी आहे.

एक चेन असलेली कापडी पिशवी घ्या, शाळेच्या डब्याच्या पिशवीएवढी. बॅटऱ्या, औषधं, कागद, किल्ल्या आणि मौल्यवान वस्तू फक्त याच पिशवीत जातील, दुसरीकडे कुठेही नाही, असा नियम करा. ही पिशवी ट्रॉलीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर ठेवा. बाहेरच्या कप्प्यात मावत असेल तर आणखी चांगलं. लॅपटॉप असेल तर तोही वरच. बॅग मागितली की चेन उघडायची, पिशवी उचलायची, चेन लावायची.

पर्समध्ये ही पिशवी मावत नसेल, तर घडी घालून ठेवलेली बाजाराची पातळ पिशवी पर्समध्ये असू द्या. काढलेलं सामान हातात सुटं धरून शिडी चढू नका. अशा वेळी फोन आणि चष्मा हमखास पडतो.

मुलं सोबत असतील तर प्रत्येकाच्या बॅगेत डोकवा. मोठ्या मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत दुसरी पॉवर बँक निघण्याची शक्यता बरीच असते. निघायच्या आदल्या रात्री एकदा सगळ्यांना विचारा, "कोणाकडे काय चार्जिंगचं आहे?" आणि सगळं त्या एका पिशवीत गोळा करा.

आणखी एक मार्ग आहे. विमान भरलेलं असलं की काही वेळा काउंटरवरच "बॅग खाली द्यायची आहे का, पैसे लागणार नाहीत" असं विचारतात. बॅग जाणारच असं वाटत असेल तर तिथे द्या. तिथे बाकावर बसून शांतपणे सामान काढता येतं आणि त्या बॅगेची एक्स-रे तपासणीही होते. एखादी बॅटरी नजरचुकीने राहिली तरी तिथे ती सापडण्याची शक्यता असते.

बॅग देताना एक प्रश्न नक्की विचारा

"ही बॅग मला परत कुठे मिळेल?"

या प्रश्नाचं उत्तर दर वेळी सारखं नसतं. काही छोट्या विमानांना उतरल्यावर शिडीजवळच बॅगा परत देतात. बाकी ठिकाणी त्या सामानाच्या पट्ट्यावर येतात. विमान बदलून पुढे जाणार असाल तर बॅग मधल्या विमानतळावर घ्यायची की शेवटच्या, हे विचारल्याशिवाय कळत नाही. उत्तर मिळालं की टॅगवरची तीन मोठी इंग्रजी अक्षरं बघा. ती बॅग उतरण्याच्या शहराची असतात, मुंबईची BOM, नागपूरची NAG, हैदराबादची HYD. अक्षरं तुमच्या शेवटच्या शहराची असतील तर बॅग तिथपर्यंत जाणार. वेगळी दिसली तर तिथेच, कर्मचारी समोर असतानाच विचारा.

टॅगची चिठ्ठी बोर्डिंग पासला चिकटवा आणि बॅगेचा टॅगसह एक फोटो काढा. बॅग हरवली तर 'निळी, मध्यम आकाराची' यापेक्षा फोटो आणि टॅगचा नंबर जास्त उपयोगी पडतो. बॅगेचं हँडल आत ढकला, लोंबते पट्टे आत घ्या आणि कुलूप लावा. पावसाळा असेल तर कपडे आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेले बरे, कारण शिडीजवळ घेतलेली बॅग काही वेळ उघड्यावर भिजू शकते.

उतरल्यावर बॅग आली नाही किंवा फुटलेली आली, तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी कंपनीच्या सामान कक्षात लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. घरी पोहोचून केलेल्या फोनपेक्षा त्या कागदाला जास्त वजन असतं.

आणि आठवलं तर?

सगळी तयारी करूनही कधीतरी विसर पडतोच. बॅग खाली गेली आणि सीटवर बसल्यावर आठवलं, तर दार लागायच्या आधी, त्याच क्षणी सांगा. "माझी बॅग गेटवर घेतली, त्यात पॉवर बँक राहिली आहे," एवढंच वाक्य पुरे. टॅगची चिठ्ठी हातात तयार ठेवा, तिच्यावरच्या नंबरमुळे बॅग पटकन सापडते. विमान सुटल्यावर आठवलं तरीही सांगा. पुढे काय करायचं ते वैमानिक ठरवतील, पण त्यांना माहीत असणं महत्त्वाचं आहे. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून लोक कपाळाला आठ्या घालतील आणि उतरेपर्यंत विसरूनही जातील.

परतीच्या प्रवासात पुन्हा तेच छोटं विमान होतं. या वेळी मावशीने लग्नघरातून मिळालेली, चेन असलेली एक कापडी पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवली होती. शिडीजवळ कर्मचारी पुढे आला, तसा तिनेच हात वर केला. "थांब रे बाळा." चेन उघडली, पिशवी काढून खांद्याला लावली, चेन लावली आणि बॅग त्याच्याकडे सरकवली. मग चिठ्ठी घेत विचारलं, "ही परत शिडीपाशी मिळणार की पट्ट्यावर?"

"पट्ट्यावर, आजी."

"बरं," म्हणत ती शिडी चढली. सीटवर बसल्यावर पिशवी पायाशी ठेवली आणि मला म्हणाली, "आता खिडकीतून बघू दे निवांत."